नवा भागीदार घेताना: मालमत्तेची फेरकिंमत आणि ख्यातीचा हिशोब

तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान. दोघे सख्खे भाऊ भागीदार, नफ्यात रुपयाला साठ पैसे थोरल्यांचे आणि चाळीस पैसे धाकट्यांचे. आता बहिणीचा मुलगा सात लाख रुपये घेऊन धंद्यात येतोय. थोरल्यांना हळूहळू हात काढून घ्यायचा आहे, त्यामुळे १ एप्रिल २०२५ पासून नफ्याची वाटणी थोरले चाळीस, धाकटे पस्तीस आणि भाचा पंचवीस पैसे अशी ठरली आहे. पेढ्यांच्या वह्या लिहिताना अशा बैठका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. आकडे सोपे राहावेत म्हणून खालचं उदाहरण मी जुळवून घेतलं आहे, पण त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या बैठकीत खरोखर विचारला गेलेला आहे.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा भाच्याचाच असतो. "मामा, मी सात लाख आणतोय, मग माझ्या खात्यावर साडेपाचच का दिसतात?" त्याला नीट उत्तर मिळालं नाही तर तो गप्प बसतो, पण ती शंका दोन-तीन वर्षांनी पुन्हा वर येते. म्हणून कोणती रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची आणि का, हे तिघांनाही कागदावर दिसलं पाहिजे.

३१ मार्च २०२५ चा ताळेबंद असा आहे:

| देणी व भांडवल | रुपये | मालमत्ता व येणी | रुपये |
|---|---|---|---|
| थोरल्यांचं भांडवल | ९,००,००० | दुकानगाळा | ८,००,००० |
| धाकट्यांचं भांडवल | ६,००,००० | फर्निचर, रॅक | १,२०,००० |
| सामान्य राखीव निधी | १,५०,००० | टेम्पो | २,८०,००० |
| बँकेचं कर्ज | ३,००,००० | माल | ६,५०,००० |
| व्यापारी देणी | ४,५०,००० | उधारी (४,४०,००० वजा तरतूद १०,०००) | ४,३०,००० |
| | | बँक व रोख | १,२०,००० |
| एकूण | २४,००,००० | एकूण | २४,००,००० |

आधी तारीख आणि हिस्से

आकड्यांना हात लावण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, प्रवेशाची तारीख. ती १ एप्रिल असेल तर काम सोपं होतं, कारण मागच्या वर्षाचा नफा आधीच जुन्या प्रमाणात वाटून भांडवलात गेलेला असतो. मधल्याच तारखेला प्रवेश द्यायचा असेल तर त्या दिवसापर्यंतचा माल मोजून, नफा काढून तो जुन्या दोघांत वाटावा लागतो. तो टाळायला "वर्षाचा नफा महिन्यांच्या हिशेबाने वाटू" असं ठरतं. हार्डवेअरमध्ये बांधकामाचा हंगाम आणि पावसाळा यांच्या विक्रीत एवढा फरक असतो की तशी वाटणी कुणावर तरी अन्याय करतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे कोण किती सोडतोय. थोरल्यांचे साठाचे चाळीस झाले, म्हणजे त्यांनी वीस पैसे सोडले. धाकट्यांचे चाळीसाचे पस्तीस झाले, म्हणजे पाच पैसे. दोन्ही मिळून पंचवीस, आणि तेच भाच्याला मिळाले. वीस आणि पाच म्हणजे ४:१. याला त्यागाचं प्रमाण म्हणतात. ते जुन्या प्रमाणासारखं, म्हणजे ३:२ असेलच असं नाही. दोघांनी आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात सोडलं तरच ते जुन्यासारखं येतं. करारात फक्त "भाच्यास एक चतुर्थांश हिस्सा" एवढंच लिहिलं आणि बाकीच्या दोघांचे नवे हिस्से लिहिलेच नाहीत, तर उरलेला नफा ते जुन्याच प्रमाणात वाटून घेतील असं धरलं जातं. मग त्यागही ३:२ होतो आणि थोरल्यांच्या मनातली वाटणी कागदावर येतच नाही.

मालमत्तेची फेरकिंमत

फेरकिंमत का करायची? वहीत गाळा आठ लाखांचा आहे, पण आज त्याच रांगेतला तसाच गाळा अकरा लाखांना जातो. ही तीन लाखांची वाढ भाचा येण्याआधीच्या वर्षांत झाली आहे, तेव्हा ती दोघा मामांची. ती आज नोंदवली नाही आणि दोन वर्षांनी गाळा विकला, तर नफा नव्या प्रमाणात वाटला जाईल आणि त्यातले पंचाहत्तर हजार भाच्याच्या खात्यावर जातील. उलट बाजूनेही तेच आहे. आज खराब झालेला माल पूर्ण किमतीने वहीत राहिला, तर तो पुढे भंगारात जाताना पंचवीस पैशांचा तोटा भाच्याच्या माथी बसेल.

गाळ्याची किंमत काढायला सरकारी वार्षिक दरपत्रकातला दर, म्हणजे रेडी रेकनर, हा एक आधार असतो. पण तो मुद्रांकासाठीचा दर आहे, बाजारभाव त्याहून कमी-जास्त असू शकतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतलेला बरा. नात्यात पैसा येतो तेव्हा तिसऱ्याने काढलेला आकडा सगळ्यांना मानता येतो.

मालाची तपासणी मात्र प्रत्यक्ष माळ्यावर चढूनच करावी लागते. यादीत "ऑइल पेंट, ४ लिटर, २२ डबे" असं दिसतं. माळ्यावर गेलं की त्यातल्या सात डब्यांची झाकणं फुगलेली असतात आणि आत रंगाची साय धरलेली असते. खिळ्यांच्या गोणीचा तळ गंजून एक ढेकूळ झालेला असतो. बंद पडलेल्या कंपनीचे नळ असतात, त्यांचे स्पेअर कुठेच मिळत नाहीत म्हणून गिऱ्हाईक हातही लावत नाही. अशा सगळ्या मालाची विकून येईल तेवढीच किंमत धरायची. आपल्या उदाहरणात ६,५०,००० चा माल ६,०५,००० ठरला.

उधारीला सर्वात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. एकूण आकड्यावर सरसकट पाच टक्के काढण्यापेक्षा प्रत्येक खातं उघडा आणि शेवटचा जमा कधीचा ते पाहा. एखाद्या कंत्राटदाराचं खातं रोज चालू दिसतं, पण तो नवा माल रोखीने नेतो आणि जुनी बाकी दीड वर्ष तशीच असते. ती बाकी संशयितच धरायला हवी. जमा आहे का, एवढंच नुसतं पाहिलं तर असं खातं नजरेतून सुटतं, म्हणून जुनी बाकी आणि नवा व्यवहार वेगळे काढून बघा. अशी खाती मिळून तरतूद १०,००० वरून ४०,००० करावी लागली.

मग वहीत नसलेल्या गोष्टी शोधायच्या. वीजजोडणीच्या वेळी भरलेली १०,००० ची अनामत कुणीतरी पूर्वी खर्चातच टाकली होती, ती परत मिळणारी रक्कम आहे, म्हणून मालमत्तेत आणली. मालवाहतूकदाराचं मार्चचं १५,००० चं बिल आलेलं होतं, पण नोंदवलं नव्हतं, ते देण्यात घेतलं. टेम्पो २,८०,००० ऐवजी २,३०,००० चा ठरला.

आता पुनर्मूल्यांकन खातं तयार होतं. शाळा-कॉलेजात यालाच नफातोटा समायोजन खातं म्हणून शिकवतात. मालमत्ता वाढली की हे खातं जमा, मालमत्ता घटली किंवा देणं वाढलं की नावे. जमेला गाळ्याचे ३,००,००० आणि अनामतीचे १०,०००, मिळून ३,१०,०००. नावेला टेम्पो ५०,०००, माल ४५,०००, तरतूद ३०,००० आणि वाहतूक बिल १५,०००, मिळून १,४०,०००. निव्वळ नफा १,७०,०००.

तो जुन्याच प्रमाणात, ३:२ मध्ये वाटायचा: थोरल्यांना १,०२,००० आणि धाकट्यांना ६८,०००. भाच्याचं यात काही नाही.

राखीव निधी

१,५०,००० चा राखीव निधी जुन्या नफ्यातूनच बाजूला ठेवलेला आहे. तोही ३:२ मध्ये, थोरल्यांना ९०,००० आणि धाकट्यांना ६०,०००. मालमत्तेच्या बाजूला साचलेला तोटा किंवा पूर्वी वहीत आणलेली ख्याती दिसत असेल, तर तीही याच वेळी जुन्या प्रमाणात दोघांच्या नावे टाकून खोडायची. जुनी ख्याती ताळेबंदात ठेवून वर नवी धरली तर भाचा एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देतो.

ख्याती किती धरायची

बाजारात याला गुडविल म्हणतात, पुस्तकात ख्याती. दुकान चांगल्या जागी आहे, गवंडी-प्लंबर सवयीने इथेच येतात, कंपनीचा डीलर क्रमांक आहे, या सगळ्यामुळे नव्या दुकानापेक्षा जो जास्त नफा होतो त्याची किंमत म्हणजे ख्याती.

तीन वर्षांचे नफे ६,९०,०००, ८,५०,००० आणि ८,४०,००० होते. मधल्या वर्षात जुना टेम्पो विकून झालेला एक लाखाचा फायदा आहे, तो धंद्याचा नव्हे, म्हणून काढला. उरले ६,९०,०००, ७,५०,००० आणि ८,४०,०००, सरासरी ७,६०,०००. पण दोन्ही भाऊ दिवसभर दुकानात राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी माणसं ठेवली असती तर महिन्याला प्रत्येकी पंधरा हजार गेले असते, वर्षाला ३,६०,०००. ते वजा करून सरासरी नफा ४,००,००० राहिला. ही वजावट टाळली तर मामांच्या कष्टाचे पैसे भाचा ख्याती म्हणून मोजतो, आणि घरच्या धंद्यांत हीच चूक मला सर्वात जास्त दिसते.

आता "दोन वर्षांचा नफा" अशी रूढ पद्धत घेतली तर ख्याती ८,००,००० येते. इथे थांबायला हवं. गाळा स्वतःचा आहे म्हणून दुकानाला भाडं पडत नाही आणि त्यामुळे नफा जास्त दिसतो. पण गाळ्याची वाढलेली किंमत तर आपण फेरकिमतीत आधीच मामांच्या खात्यावर टाकली. त्याच गाळ्यामुळे वाढलेल्या नफ्यावर पुन्हा ख्याती धरली तर गाळ्याचा मोबदला दोनदा जातो.

अधिक-नफ्याच्या पद्धतीत हा दोष निघून जातो. फेरकिमतीनंतर धंद्यात भावांचं भांडवल १५,००,००० अधिक राखीव १,५०,००० अधिक वाढ १,७०,००० म्हणजे १८,२०,००० आहे. एवढ्या पैशावर अशा धंद्यात बारा टक्के परतावा साधारण धरला तर २,१८,४०० होतात. ४,००,००० मधून ते वजा केल्यावर १,८१,६०० हा खरा अधिक नफा, आणि त्याचे तीन वर्षांचे ५,४४,८००. बारा टक्के आणि तीन वर्षं हे आकडे ठरवायचे असतात, ते कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. बैठकीत दोन्ही आकडे मांडले गेले आणि ६,००,००० वर एकमत झालं. पुढे आपण तोच आकडा घेऊ.

ख्यातीचा मोबदला कुणाला

भाच्याचा हिस्सा पंचवीस पैसे, म्हणून त्याच्या वाट्याची ख्याती १,५०,०००. ही रक्कम तो त्याच्यासाठी हिस्सा सोडणाऱ्यांना देतो, आणि ज्याने जितकं सोडलं तितकं त्याला. म्हणजे ४:१ मध्ये, थोरल्यांना १,२०,००० आणि धाकट्यांना ३०,०००. चुकून ३:२ मध्ये वाटली तर ९०,००० आणि ६०,००० होतात, आणि पाचच पैसे सोडणाऱ्या धाकट्यांना थोरल्यांच्या खिशातले तीस हजार जास्त जातात. ताळेबंद तरीही जुळतो, त्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेरकिंमत जुन्या प्रमाणात आणि ख्याती त्यागाच्या प्रमाणात, असे दोन वेगळे नियम पाठ केले जातात. खरं तर नियम एकच आहे. समजा ख्यातीही गाळ्यासारखीच पूर्ण ६,००,००० ने वहीत आणली. ती मामांनी कमावलेली, म्हणून ३:२ मध्ये ३,६०,००० आणि २,४०,००० जमा. पण वहीत ती ठेवायची नाही, म्हणून लगेच नव्या भागीदारांत नव्या प्रमाणात खोडली: थोरल्यांच्या नावे २,४०,०००, धाकट्यांच्या नावे २,१०,००० आणि भाच्याच्या नावे १,५०,०००. दोन्ही नोंदींचा निव्वळ परिणाम पाहा. थोरल्यांना १,२०,००० जमा, धाकट्यांना ३०,००० जमा, भाच्याला १,५०,००० नावे. म्हणजे त्यागाचं प्रमाण आपोआप आलं. जी मालमत्ता वहीत राहणार आहे तिची वाढ जुन्या प्रमाणात वाटली की काम संपतं. जी वहीत राहणार नाही ती वाटून खोडावी लागते, आणि वाटून खोडलं की उरतं ते त्यागाचं प्रमाण.

ख्याती वहीत का ठेवायची नाही? कारण लेखामानकांनुसार (एएस २६) स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, पैसे देऊन विकत घेतलेलीच दाखवता येते. म्हणून जुन्या वह्यांत दिसणारी "ख्याती खाते उभारून ठेवली" ही पद्धत आता वापरू नये.

प्रत्यक्ष नोंद तीन प्रकारे होऊ शकते. भाचा दीड लाख वेगळे आणेल, ते मामांच्या भांडवलात ४:१ मध्ये जमा होतील आणि पैसा धंद्यात राहील. किंवा मामा ते पैसे काढून घेतील. तिसरा मार्ग म्हणजे वेगळे पैसे न आणता खात्यांतच समायोजन, आणि आपल्या उदाहरणात तेच ठरलं, कारण भाच्याकडे सात लाखच होते. तेव्हा नोंदी अशा:

बँक खाते नावे ७,००,०००, भाच्याचे भांडवल खाते जमा ७,००,०००.

भाच्याचे भांडवल खाते नावे १,५०,०००, थोरल्यांचे भांडवल खाते जमा १,२०,०००, धाकट्यांचे भांडवल खाते जमा ३०,०००.

भाच्याचं भांडवल ५,५०,००० दिसण्याचं कारण हे. त्या दीड लाखाच्या बदल्यात त्याला रोख काही मिळालं नाही, पण दुकानाच्या नावातला चौथा हिस्सा मिळाला. करारात भांडवल "सात लाख कायम" असं लिहायचं ठरलं असेल तर ही नोंद भांडवलात न करता त्याच्या चालू खात्याला नावे टाकता येते. मग चालू खात्यावर दीड लाख नावे दिसतील आणि भांडवलावर व्याज देत असाल तर त्याला जास्त व्याज जाईल. याचा विचार करूनच मार्ग निवडा.

एक फाटा लक्षात ठेवा. नवे हिस्से थोरले तीस, धाकटे पंचेचाळीस, भाचा पंचवीस असे ठरले असते, तर धाकट्यांनी काही सोडलं नसतं, उलट पाच पैसे मिळवले असते. मग त्यांच्याही नावे ३०,००० पडले असते आणि थोरल्यांना १,५०,००० भाच्याकडून व ३०,००० भावाकडून, असे १,८०,००० मिळाले असते. जुना भागीदार आहे म्हणून तो घेणाराच असतो, असं धरून चालू नका.

नवा ताळेबंद

१ एप्रिल २०२५ ची खाती अशी उरतात:

| | थोरले | धाकटे | भाचा |
|---|---|---|---|
| जुनं भांडवल / आणलेले पैसे | ९,००,००० | ६,००,००० | ७,००,००० |
| राखीव निधी | ९०,००० | ६०,००० | – |
| पुनर्मूल्यांकनाचा नफा | १,०२,००० | ६८,००० | – |
| ख्याती | १,२०,००० | ३०,००० | (१,५०,०००) |
| शिल्लक | १२,१२,००० | ७,५८,००० | ५,५०,००० |

तिघांचं भांडवल २५,२०,०००. त्यात कर्ज ३,००,०००, व्यापारी देणी ४,५०,००० आणि वाहतूक बिल १५,००० मिळवले की एकूण ३२,८५,०००. दुसऱ्या बाजूला गाळा ११,००,०००, फर्निचर १,२०,०००, टेम्पो २,३०,०००, माल ६,०५,०००, उधारी तरतूद वजा जाता ४,००,०००, अनामत १०,००० आणि बँक ८,२०,०००. तेही ३२,८५,०००.

पण वर म्हटल्याप्रमाणे ताळेबंद जुळणं ही वाटणी बरोबर असल्याची खूण नाही. त्यासाठी माझी एक तपासणी आहे, ती पाच मिनिटांत होते. दुकान आजच, फेरकिमतीच्या आकड्यांनी आणि सहा लाखांच्या ख्यातीसह विकलं असं समजा, आणि प्रत्येकाच्या हातात प्रवेशाआधी व प्रवेशानंतर किती येतं ते काढा. थोरले, आधी: ९,००,००० + ९०,००० + १,०२,००० + ख्यातीचे साठ पैशांनी ३,६०,०००, म्हणजे १४,५२,०००. नंतर: १२,१२,००० + ख्यातीचे चाळीस पैशांनी २,४०,०००, म्हणजे १४,५२,०००. धाकटे, आधी ९,६८,०००, नंतर ७,५८,००० + २,१०,००० म्हणजे तेच. भाच्याने आणले ७,००,०००, आणि त्याच्याकडे आहेत ५,५०,००० + १,५०,०००. प्रवेशाच्या दिवशी कुणीच श्रीमंत किंवा गरीब झालं नाही. कुणाचाही आकडा हलला तर कुठेतरी प्रमाण चुकलेलं आहे. भाच्याच्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायलाही हाच कागद त्याच्यासमोर ठेवावा.

किमती वहीत बदलायच्या नसतील तर

बऱ्याच पेढ्यांना जुनेच आकडे ठेवायचे असतात. याला कारण आहे. प्राप्तिकराचा घसारा फेरकिमतीवर मिळत नाही, जुन्या घटत्या शिलकेवरच मिळतो. वहीत अकरा लाख आणि कराच्या तक्त्यात वेगळाच आकडा, असे दोन हिशोब दरवर्षी सांभाळावे लागतात. टेम्पोचा घटलेला पन्नास हजारही करात खर्च म्हणून वजा होत नाही.

अशा वेळी ख्यातीसारखीच युक्ती करायची. निव्वळ वाढ १,७०,०००, ती वहीत राहणार नाही, म्हणून त्यागाच्या प्रमाणात समायोजन: भाच्याच्या नावे ४२,५००, थोरल्यांना जमा ३४,००० आणि धाकट्यांना ८,५००. थोरल्यांचं नुकसान होत नाही का? नाही. ३४,००० आज मिळाले, आणि पुढे ती वाढ-घट प्रत्यक्षात उतरेल तेव्हा नव्या हिश्शाने चाळीस पैशांचे ६८,००० मिळतील, मिळून १,०२,०००. धाकट्यांचे ८,५०० आणि ५९,५०० मिळून ६८,०००. पहिल्या मार्गाइतकेच. फक्त ही यादी, कोणत्या मालमत्तेची किती किंमत धरली होती, सह्यांसह करारासोबत जोडून ठेवा. पुढे गाळा विकताना वहीत काहीच दिसणार नाही आणि भाचा पुन्हा विचारेल.

वर पद्धत दाखवायला पूर्ण १,७०,००० चा आकडा घेतला, पण प्रत्यक्षात खराब माल आणि बुडीत उधारी मात्र या सवलतीत बसवू नका. त्या घटी वहीत यायलाच हव्यात, कारण त्या लपवल्या तर ताळेबंदच खोटा होतो.

पैसे काढताना आणि कागद करताना

मामांना ख्यातीचे पैसे पेढीतून काढून घ्यायचे असतील तर आधी करसल्लागाराला विचारा. २०२१ मध्ये आलेल्या तरतुदींनुसार नवा भागीदार घेणं ही पेढीची पुनर्रचना मानली जाते, आणि त्या निमित्ताने भागीदाराला भांडवलापेक्षा जास्त पैसे मिळाले तर पेढीवर कर येऊ शकतो. ते भांडवल मोजताना फेरकिमतीने आणि स्वतः कमावलेल्या ख्यातीने वाढलेला भाग धरत नाहीत. नुसती खात्यांतली समायोजनाची नोंद आणि प्रत्यक्ष पैसे काढणं यात म्हणूनच मोठा फरक आहे. भाचा पैशांऐवजी जागा किंवा वाहन आणत असेल, तरी त्याला स्वतःला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

कायद्याने, १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार, नवा भागीदार सर्व जुन्या भागीदारांच्या संमतीनेच येतो आणि प्रवेशाआधीच्या देण्यांना तो जबाबदार नसतो. पण बँक मात्र कर्जाच्या नव्या कागदांवर त्याची सही मागते, आणि ती सही केली की जुन्या तीन लाखांचीही हमी त्याच्याकडे येऊ शकते. भाच्याने ते वाचूनच सही करावी. जीएसटी नोंदणीत भागीदाराचा बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. पेढी नोंदणीकृत असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे बदलाची सूचना द्यायची.

करारातलं ख्यातीचं कलम मोघम राहू देऊ नका. आपल्या उदाहरणात ते असं लिहिता येईल: "पेढीची ख्याती सर्व भागीदारांनी रु. ६,००,००० इतकी मान्य केली आहे. नवीन भागीदाराच्या २५ टक्के हिश्शापोटी रु. १,५०,००० त्यांच्या भांडवल खात्यास नावे टाकून, जुन्या भागीदारांनी सोडलेल्या अनुक्रमे २० व ५ टक्के हिश्श्यांप्रमाणे रु. १,२०,००० व रु. ३०,००० त्यांच्या भांडवल खात्यांस जमा केले आहेत. पुढे कोणीही भागीदार निवृत्त झाल्यास ख्याती त्या वेळी याच पद्धतीने नव्याने ठरवली जाईल." शेवटचं वाक्य थोरल्यांसाठी महत्त्वाचं आहे. चार-पाच वर्षांनी ते पूर्ण बाहेर पडतील तेव्हा उरलेल्या चाळीस पैशांची ख्याती त्यांना मिळायची आहे, आणि तेव्हा पद्धत कोणती, यावर वाद व्हायला नको.